धरते, पण पेलत नाही

शाळेच्या नव्या इमारतीसाठी केलेल्या माती तपासणीचा अहवाल मी मराठीत आणला होता आणि बांधकाम समितीच्या बैठकीत तो वाचून दाखवत होते. चौथ्या पानावर एक वाक्य होतं : 'वरच्या थरातील काळ्या मातीची धारणक्षमता अत्यंत कमी आहे.' भिंतीला टेकून बसलेल्या आबांनी तिथे मला थांबवलं. "ताई, काळीची धारणक्षमता कमी कशी म्हणता? पाणी धरून ठेवावं ते काळीनंच. मुरमाड रान दोन दिवसांत कोरडं पडतं. हे उलटं लिहिलं गेलंय का?" मी म्हटलं, "आबा, ही धारणक्षमता वजनाची आहे, पाण्याची नाही." त्यांनी मान हलवली, बाकीच्यांनीही हलवली आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. पण घरी परतताना ती मान हलवणं माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. पटल्यावर माणूस मान हलवतो, तशी ती नव्हती. शिकलेल्या बाईला अडवायचं कशाला, म्हणून हलवलेली होती.

मी काही मुळात अनुवादक नाही. माती तपासणीच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत, भोकं पाडणाऱ्या रिगशेजारी उभं राहून बोअर लॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं याची नोंद, भरण्यात आणि प्रयोगशाळेत चाळण्या हलवण्यात. मूळ अहवाल मीच इंग्रजीत लिहिला होता. तो मराठीत करताना परिभाषाकोश उघडा ठेवला, प्रत्येक शब्दासमोर मराठी शब्द मांडला, आणि काम चोख झालं असं समजून चालले. कोशात चूक नव्हती. बेअरिंग कपॅसिटीला धारणक्षमता म्हणतातच. माझ्या लक्षात एवढंच आलं नव्हतं की त्या गावात हा शब्द आधीपासून दुसऱ्या कामावर आहे. कृषी सहायक येतो तो जमिनीच्या जलधारणक्षमतेबद्दल बोलतो, आणि त्या हिशेबात काळी माती सगळ्यांत वरची. माझ्या अहवालात तीच सगळ्यांत खालची. एकच माती, एकच शब्द आणि निकाल बरोब्बर उलटा.

मग मला रिग आली होती ते दिवस आठवले. मे महिना होता. तिवई उभी राहिली, इंजिन सुरू झालं आणि तासाभरात निम्मं गाव जमलं. गावाला बोअर म्हणजे पाण्याचीच बोअर माहीत. तीन भोकं पाडली, सर्वांत खोल साडेसात मीटर, आणि एकातही पाणी नाही. मी लॉगवर 'भूजल आढळले नाही' असं लिहीत होते आणि आतून बरं वाटत होतं, कारण पाया घालणाऱ्याला खड्ड्यात पाणी नको असतं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी हळहळून म्हटलं, "तिन्ही कोरड्या गेल्या हो." त्या दिवशी मी हसून 'ही पाण्याची नव्हे' असं सांगितलं होतं. आता तेच वाक्य मराठी अहवालात वाचताना समितीतल्या प्रत्येकाच्या मनात तीच हळहळ उमटली असेल असं वाटलं.

मराठीत मातीसाठी शब्द कमी आहेत, हे मी या कामात अनेकदा ऐकलंय. मला ते पटत नाही. शब्द भरपूर आहेत, पण ते सगळे पिकाच्या आणि पाण्याच्या बाजूने मातीकडे बघत तयार झालेत. पायाच्या बाजूने बघणाऱ्याला ते जपून वापरावे लागतात.

मी अनुवाद पुन्हा सुरुवातीपासून काढला. पहिला बदल त्याच वाक्यात केला. वजनासाठी मराठीत एक फार नेमकं क्रियापद आहे : पेलणे. डोक्यावरचा हंडा पेलतो, घराचा भार पेलतो, जबाबदारी पेलते की नाही ते बघतो. पेलण्यात वजन आहे, आणि ते न डगमगता उचलून धरणंही आहे. पाणी कोणी पेलत नाही, पाणी धरतात. 'काळी माती पाणी धरते, पण इमारतीचा भार पेलत नाही' असं लिहिल्यावर कंसातल्या खुलाशाची गरज उरली नाही. जिथे तांत्रिक नाव लागतंच, तिथे 'भार पेलण्याची क्षमता' असं सगळीकडे एकसारखं लिहिलं. लांब आहे, पण तक्त्याच्या मथळ्यात मावतं.

पुढची अडचण दोन नंबरच्या बोअरच्या लॉगमध्ये होती. दीड मीटर खोलीवर आम्ही एसपीटी, म्हणजे माती किती घट्ट आहे ते ठोक्यांवरून मोजणारी चाचणी, घेतली होती. ही चाचणी ऐकायला सोपी असते. साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून सोडायचा, त्याखाली सळ्यांच्या टोकाला मधून उभी उकलणारी नमुना नळी असते, ती ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. मोजणी पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन टप्प्यांत. पहिला टप्पा सोडून द्यायचा, कारण भोकाच्या तळाची माती आधीच ढवळलेली असते. उरलेल्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. इथे ठोके आले ४, ५ आणि ६, म्हणून एन ११. चिकणमातीत आठ ते पंधराच्या दरम्यान एन आला की इंग्रजीत स्टिफ म्हणतात, आणि मी पहिल्या अनुवादात 'कडक' लिहून मोकळी झाले होते.

आता 'कडक काळी माती' हे शब्द शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहिले. मे महिन्यात काळीचं ढेकूळ दगडासारखं असतं, भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे त्याला ठाऊक आहे. आणि जुलैत त्याच रानात पाय रुतला की चप्पल आतच राहते, हेही. त्याने विचारलं असतं, कडक कधी? प्रश्न अगदी योग्य ठरला असता, कारण ११ हा आकडा त्या मातीचा कायमचा गुण नाही. तो त्या महिन्यातल्या ओलाव्याचा आकडा आहे. पावसाळ्याच्या शेवटी त्याच खोलीवर तीच चाचणी घेतली असती तर निम्मे ठोकेही लागले नसते, असा माझा अनुभव सांगतो. मूळ लॉगच्या डोक्यावर बोअरची तारीख असते, तळाशी पाण्याच्या पातळीचा रकाना असतो, आणि जाणता इंजिनिअर एन वाचण्याआधी ते दोन्ही वाचतो. मी अनुवादात हे दोन रकाने किरकोळ समजून बारीक अक्षरात टाकले होते. दुसऱ्या वेळी ते वर आणले, आणि वर्णनाच्या ओळीत लिहिलं : 'मे महिन्यात कोरडेपणामुळे कडक, ओलावा वाढल्यावर मऊ होणारी.' मूळ इंग्रजी ओळीत एवढे शब्द नव्हते. पण अर्थ तेवढाच होता, तो तारखेत लपलेला होता.

हे सगळं करूनही लॉगच्या थरांची नावं मनासारखी होईनात. 'पूर्णतः अपक्षयित बेसाल्ट', 'अत्यधिक अपक्षयित बेसाल्ट', 'किंचित अपक्षयित बेसाल्ट'. बरोबर आहेत, आणि एकमेकांसारखी इतकी आहेत की तिसऱ्या ओळीला डोळा घसरतो. मी आबांना फोन केला आणि शाळेच्या जागेजवळ उघडी विहीर आहे का विचारलं. होती. बिनबांधीव, त्यांच्या चुलत्यांनी खणलेली, जागेपासून दीडशे पावलांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर उभे होतो. ऊन पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं आणि भिंतीवर माझा बोअर लॉग उलगडून ठेवल्यासारखा दिसत होता. वरचा काळा पट्टा, उभ्या भेगांचा, त्यात लोंबणारी मुळं. त्याच्या तळाशी पांढरे ठिपके. त्याखाली पिवळसर तपकिरी, हाताने ओरबाडता येईल असा थर. त्याखाली करडा, तुकड्यातुकड्यांचा, आणि पाण्याच्या जरा वर काळानिळा, घणाच्या खुणा अजून दिसणारा दगड.

"हे काय म्हणता तुम्ही?" मी एकेक दाखवत गेले. आबा न अडखळता सांगत गेले. काळी. तिच्या बुडाला चुनखडी. मग मुरूम. मग मांजऱ्या. मग काळा पाषाण. मांजऱ्या आणि मुरूम यांच्यात फरक काय, असं मुद्दाम विचारलं. "मुरूम कुदळीनं निघतो. मांजऱ्याला पहार लागते, पण सुरुंग लागत नाही. पाषाणाला सुरुंगाशिवाय इलाज नाही." मी वहीत ते शब्दशः लिहून घेतलं. पूर्णतः, अत्यधिक आणि किंचित या तीन पायऱ्या आम्ही खडक किती कुजलाय त्यावरून लावतो, आणि भूशास्त्राच्या पुस्तकात त्यांच्या खुणा दिलेल्या असतात : हाताने चुरा होतो का, हातोडीच्या किती ठोक्यांत फुटतो. कुदळ, पहार, सुरुंग हीच ती मोजपट्टी. मुरूम तर असा शब्द आहे की आमच्या इंग्रजी अहवालांनीही तो मराठीतून उचललाय. मी स्वतः रोज तो इंग्रजी अक्षरांत लिहिते. आणि अनुवाद करताना मात्र त्याच्या जागी 'पूर्णतः अपक्षयित बेसाल्ट' लिहून बसले होते.

नव्या लॉगमध्ये प्रत्येक थराला दोन नावं दिली. आधी विहिरीतलं, मग शास्त्रातलं. २.१ मीटरपर्यंत काळी. तिथून ३.६ मीटरपर्यंत मुरूम. ३.६ ते ५.१ मांजऱ्या. त्याखाली पाषाण. मुरमात तीन मीटरवर घेतलेल्या एसपीटीत दुसऱ्या टप्प्यानंतर नळी पुढे जाईना. पन्नास ठोक्यांत सहा सेंटिमीटर. लॉगवर अशा ठिकाणी 'आर' लिहितात, रिफ्युजल. पहिल्या अनुवादात तिथे 'नकार' असा शब्द होता. कोणी नकार दिला, कशाला दिला, वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आता तिथे लिहिलं : 'नळी पुढे जात नाही.'

खडकाच्या ओळींमधला एक रकाना अजून मोठा चकवा होता. खडकात डायमंड बिट फिरवून आम्ही दंडगोल गाभा काढतो आणि लाकडी पेटीच्या खणांत ओळीने मांडतो. मांजऱ्याच्या दीड मीटरमधून ६३ सेंटिमीटर गाभा हाती आला, म्हणजे ४२ टक्के. बाकीचा भुगा होऊन पाण्याबरोबर वाहून गेला. पाषाणाच्या दीड मीटरमधून १३२ सेंटिमीटर, म्हणजे ८८ टक्के. आरक्यूडी, म्हणजे रॉक क्वालिटी डेझिग्नेशन, काढताना मात्र दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, सलग तुकड्यांचीच बेरीज धरतात. पाषाणात ती ९६ सेंटिमीटर होती, ६४ टक्के. मांजऱ्यात दहा सेंटिमीटरचा एकही तुकडा नव्हता, म्हणून आरक्यूडी शून्य. याचं कोशाबरहुकूम मराठी केलं की 'खडकाचा दर्जा : शून्य' असं होतं. समितीतल्या एका शिक्षकांनी त्याच ओळीखाली लाल रेघ मारून विचारलं होतं की मग इथे शाळा बांधायची तरी कशी. शून्य हा खडकाला दिलेला गुण नाही. तो एवढंच सांगतो की खडक भेगांनी भरलाय आणि लांब तुकड्यात निघत नाही. तसा खडकही शाळेच्या दोन मजल्यांचा भार सहज पेलतो. वाळूच्या वर्गीकरणातही हाच धोका आहे. एकाच मापाच्या कणांच्या वाळूला इंग्रजीत पुअरली ग्रेडेड म्हणतात, आणि एका पुलाच्या अहवालात मी त्याचं 'निकृष्ट दर्जाची वाळू' झालेलं पाहिलं आहे. ती वाळू निकृष्ट नव्हती, एकसारख्या दाण्यांची होती. दर्जा हा शब्द मी तेव्हापासून मातीच्या आसपास फिरकू देत नाही. आरक्यूडीच्या रकान्याला नाव दिलं 'सलग गाभा, टक्के'.

मग शेवटचं पान, जे सगळे आधी उघडतात.

तिथे मूळ अहवालात भार पेलण्याचे तीन आकडे होते. पाया २.६ मीटरवर, म्हणजे मुरमात अर्धा मीटर शिरवून. पहिला आकडा, ज्या भाराला पायाखालचा थर कातरून बाजूला सरकेल तो : चौरस मीटरला १०५ टन. त्याला अडीचने भागून दुसरा : ४२ टन. याला सेफ म्हणतात. आणि तिसरा, अलाउएबल : २५ टन. हा वेगळ्या वाटेने येतो. यात थर मोडेल का हा प्रश्नच नसतो. भार आल्यावर पाया किती खाली जाईल हे पाहिलेलं असतं, आणि आम्ही मर्यादा २५ मिलिमीटर धरली होती. दुसरा आणि तिसरा यांतला जो लहान, तोच वापरायचा. माझ्या पहिल्या अनुवादात एक होता 'सुरक्षित क्षमता' आणि दुसरा 'अनुज्ञेय क्षमता'. आता सामान्य वाचक काय उचलेल? सुरक्षित म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. अनुज्ञेय म्हणजे कोणीतरी कार्यालयातून परवानगी देतो तशातलं काहीतरी वाटतं.

या एका शब्दाने काय होतं ते मी कागदावर मांडून पाहिलं. एका खांबावरून ५४ टन येतात असं धरू. २५ ने भागलं तर २.१६ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे खांबाखाली दीड मीटर बाजूची चौरस फुटिंग, पायाची बैठक. ४२ ने भागलं तर १.२९ चौरस मीटर, म्हणजे बाजू जेमतेम १.१५ मीटर. खोदाई कमी, काँक्रीट कमी, लोखंड कमी. गवंड्याला आणि समितीला दोघांनाही ते हवंसंच वाटेल, आणि अहवालात 'सुरक्षित' असं छापलेलंही सापडेल. त्या फुटिंगखालचा मुरूम मोडणार नाही, हे खरं. पण ती ठरवल्यापेक्षा जास्त खाली जाईल, शेजारची कदाचित कमी जाईल, आणि दोन-तीन वर्षांनी वर्गाच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघेल. म्हणून मी दोन्ही नावं बदलली. ४२ टनांना 'थर न मोडता पेलेल असा भार'. २५ टनांना 'डिझाइनसाठी वापरायचा भार', आणि हा आकडा चौकटीत, एकटा. ४२ चा आकडा मागच्या गणिताच्या पानांत ठेवला. तो काढून टाकला नाही, कारण डिझाइन करणाऱ्याला तो लागतो.

दोन्ही आकड्यांच्या आधी 'नेट' होतं. ते निव्वळ. खोदून काढलेल्या मातीचं वजन त्या पातळीवर आधीपासून होतंच, त्याच्या वरचा जास्तीचा भार तेवढा मोजायचा. याच्या जोडीचा ग्रॉस मात्र 'ढोबळ' लिहिला जातो, आणि मराठीत ढोबळ म्हणजे अंदाजे. 'एकूण' लिहिलं की संपलं.

सेटलमेंट या शब्दापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. कोश सांगतो खचणे. 'पाया २५ मिलिमीटर खचेल' असं एखाद्या शाळेच्या कागदावर लिहून बघा. कोणी आई आपलं मूल त्या शाळेत घालणार नाही. खचणं म्हणजे विहिरीची कड खचणं, घाट खचणं, मनानं खचणं. त्यात अनपेक्षित कोसळणं आहे. पण रस्त्याचा भराव घातल्यावर पहिल्या पावसात माती दबते, तेव्हा आपण म्हणतो भराव बसला. बसणं अपेक्षित असतं, त्याची वाट बघतात, बसल्यावर मग वरचा थर घालतात. म्हणून 'पाया २५ मिलिमीटरपर्यंत बसू शकतो. डिझाइनमध्ये एवढं धरलेलं आहे'. आणि खांब कमीजास्त बसले तर भिंती चिरतील, हे वाक्य स्वतंत्र, पुढच्या ओळीत.

काळीबद्दल एक गोष्ट मला शब्दांनी सांगताच येईना. वर्गीकरणाच्या रकान्यात सीएच होतं, म्हणजे पाणी भरपूर सामावून घेणारी, फार चिकट चिकणमाती. आयएस १४९८ या प्रमाणानुसार द्रवसीमा, म्हणजे माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं शेकडा प्रमाण, ५० च्या वर गेली की तो गट येतो. इथे ती ७२ होती. पण फुगण्याचं काय? प्रयोगशाळेत दोन मोजनळ्या घेतात. दोन्हींत चाळून वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती. एकीत पाणी ओततात, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीने हवा काढून एक दिवस तशाच ठेवतात. रॉकेलने ही माती फुगत नाही, म्हणून तिकडचा आकडा मूळ आकारमान समजायचा. आमच्या नमुन्यात रॉकेलखाली दहा मिलिलिटर माती बसली होती आणि पाण्याखाली एकोणीस. नव्वद टक्के वाढ. मी दुसऱ्या बैठकीला त्या दोन नळ्या बुचं लावून नेल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. लाल रेघ मारणारे शिक्षक खाली वाकून बराच वेळ काचेवरच्या खुणा वाचत राहिले. सगळ्यांनी नळ्या हातात घेतल्या. एक बाई म्हणाल्या, "म्हणून आमच्या घराची फरशी दर पावसाळ्यात वर येते."

आबा मागे बसून नवा लॉग वाचत होते. बोट वरून खाली नेत, काळीपाशी थांबले, मुरमापाशी थांबले. मग म्हणाले, "जुनी माणसं काळी आणि पांढरी म्हणायची. काळी कसायची, पांढरीवर घर बांधायचं. गावठाण सगळं पांढरीवर. शाळेला जागा मिळाली ती काळीत, आता काय करणार?" माझ्या लहानपणी आजीच्या तोंडी हे दोन शब्द होते, गावाच्या देवीला हात जोडताना. मी ते नेहमी गाणं म्हणून ऐकले. मातीचं वर्गीकरण म्हणून कधी ऐकले नव्हते.

"काळी पूर्ण काढायची आणि मुरमात अर्धा मीटर शिरून पाया टेकवायचा," मी म्हटलं. "फरशीखालची काळीही काढून तिथे मुरूम भरायचा. काढलेली काळी परत पायाभोवती घालायची नाही, हे शिफारशींत सहा नंबरला आहे."

आबांनी सहा नंबरची ओळ काढून वाचली. तीन-चार वेळा वाचली.

"काढलेली माती किती निघेल?"

फरशीखालची धरून तीनशे ब्रासच्या आसपास, असं मी बोअरच्या सरासरीवरून सांगितलं.

"मग ती बाहेर जाऊ देऊ नका," ते समितीच्या अध्यक्षांकडे वळून म्हणाले. "ओढ्यापलीकडं माझा माळ आहे, नुसता मुरूम. तिथं टाका. ट्रॅक्टरचं भाडं मी देतो."